अंदाज बरोबर, तरी सहाशेचा तोटा: ५२० च्या एका कॉलचा पेऑफ आलेख

एका कंपनीचा शेअर ५०० रुपयांवर आहे. एका गुंतवणूकदार बाईंना खात्री वाटते की महिन्याभरात तो वर जाईल. शेअर विकत घ्यायला शंभर शेअरमागे ५०,००० रुपये लागतील आणि तेवढे अडकवायची त्यांची तयारी नाही. त्या ५२० स्ट्राइकचा, म्हणजे शेअर ५२० या ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क देणारा, आणि तीस दिवसांनी एक्सपायर होणारा, म्हणजे मुदत संपणारा, एक कॉल घेतात. प्रीमियम आहे शेअरमागे १२ रुपये. लॉट शंभर शेअरचा, म्हणजे खात्यातून गेले १,२०० रुपये. एक्सपायरीच्या दिवशी शेअर ५२६ वर बंद होतो. पाचशेचा शेअर पाचशे सव्वीस झाला, पाच टक्क्यांहून अधिक वाढला, अगदी त्यांनी म्हटलं होतं तसा. आणि हिशेबात दिसतो सहाशे रुपयांचा तोटा.

त्यांचा प्रश्न साहजिक आहे: "बाजार मी म्हटलं त्याच बाजूला गेला, मग पैसे का गेले?"

या प्रकरणातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण पहिल्यांदा कॉल घेणाऱ्याची गाडी जिथे अडते ती जागा नेमकी हीच असते. उत्तर एका आलेखात आहे. तो आलेख कागदावर स्वतः काढला तर पाच मिनिटांत निघतो, आणि आयता पाहिला तर वर्षानुवर्षं अर्धवट कळलेला राहतो. म्हणून तो सुरुवातीपासून काढू.

आधी १२ रुपयांत नेमकं काय मिळालं ते पाहू. बाईंनी शेअर घेतलेला नाही, शेअरचा एक भागही घेतलेला नाही. त्यांनी एक हक्क घेतला: एक्सपायरीला शेअर बाजारात कितीलाही असो, तो ५२० ला घेण्याचा. समोरच्या विक्रेत्याने ते १२ रुपये घेऊन एक बंधन पत्करलं, की बाईंनी मागितला तर तो ५२० ला शेअर देईल. प्रीमियम ही या हक्काची किंमत आहे आणि ती व्यवहाराच्या दिवशीच पूर्ण चुकती होते. ती अनामत नाही, परत मिळणारी नाही, आणि पुढे शेअर घ्यायची वेळ आली तर ५२० मधून वजाही होत नाही. कॉल वापरून शेअर घेतला तर ५२० वेगळे द्यावे लागतील, आधी दिलेले १२ गेले ते गेलेच. बरेच जण मनात प्रीमियमला पहिल्या हप्त्याचं रूप देतात, आणि तिथून पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

आता आलेख. आडव्या अक्षावर एक्सपायरीच्या दिवशीचा शेअरचा भाव मांडा, समजा ४८० पासून ५६० पर्यंत. उभ्या अक्षावर शेअरमागे हातात येणारे रुपये. एक गोष्ट इथेच पक्की लक्षात ठेवायची: आडवा अक्ष काळाचा नाही. आलेखावर डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे पहिल्या दिवसाकडून तिसाव्या दिवसाकडे जाणं नव्हे. अख्खा आलेख एकाच दिवसाचा, एक्सपायरीचा आहे, आणि त्या दिवशी भाव कुठेही असू शकतो अशा सगळ्या शक्यता त्यावर शेजारी शेजारी मांडल्या आहेत. भावाचा नेहमीचा चार्ट पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना ही रेघ "आधी सपाट चालली आणि मग वर गेली" अशी दिसते. ते वाचन चुकीचं आहे.

पहिली रेघ प्रीमियम बाजूला ठेवून काढू. शेअर ५०० वर असेल तर ५२० ला घेण्याचा हक्क वापरण्यात अर्थ नाही, बाजारात तो वीस रुपयांनी स्वस्त आहे. हक्काची किंमत शून्य. ५१० वर शून्य. ५१९ वर शून्य. ५२० वर हक्क वापरला काय नि नाही काय, सारखंच, म्हणून शून्य. ५२१ वर मात्र ५२० ला घेऊन ५२१ ला विकता येतो, म्हणजे हक्काची किंमत १ रुपया. ५३० वर १०, ५५० वर ३०. शेअर एक रुपया वर गेला की हक्क एक रुपयाने वाढतो. दोन्ही अक्षांना सारखंच माप घेतलं असेल तर रेघ इथून बरोबर ४५ अंशांत वर चढते. म्हणजे ५२० पर्यंत जमिनीला चिकटलेली आडवी रेघ, ५२० वर एक कोपरा, आणि त्यापुढे चढ.

ही झाली निव्वळ पेऑफची रेघ: एक्सपायरीला कॉलमधून हातात किती येतं. यात नफा-तोटा अजून आलेला नाही, कारण दिलेले १२ रुपये धरलेलेच नाहीत. आता ही अख्खी रेघ, आकार जराही न बदलता, १२ रुपयांनी खाली सरकवा. सपाट भाग शून्यावरून उणे १२ वर आला. कोपरा ५२० वरच राहिला, फक्त खाली गेला. आणि चढता भाग शून्याची रेषा जिथे छेदतो ती जागा ५२० वरून ५३२ वर सरकली. हा ब्रेक-ईव्हन: स्ट्राइक अधिक प्रीमियम. सूत्र एवढंच आहे:

```
P = max(S − K, 0) − c
S = 526, K = 520, c = 12
P = 6 − 12 = −6
```

`S` म्हणजे एक्सपायरीचा भाव, `K` म्हणजे स्ट्राइक, `c` म्हणजे प्रीमियम. पेऑफ आलेख म्हणून जी चित्रं दाखवली जातात त्यात पहिली आणि दुसरी रेघ यांची सर्रास सरमिसळ होते. ओळखायची खूण सोपी आहे. सपाट भाग शून्यावर असेल तर प्रीमियम धरलेला नाही, शून्याच्या खाली असेल तर धरलेला आहे. पहिल्या प्रकारच्या चित्रावरून कुणी नफा वाचत असेल, तर तो दर शेअरमागे प्रीमियमएवढा फुगवून वाचतो आहे.

काही ठरावीक भावांना ही रेघ काय सांगते ते असं:

| एक्सपायरीचा भाव | हक्काची किंमत | शेअरमागे नफा/तोटा | एका लॉटवर |
|---|---|---|---|
| ४८० | ० | −१२ | −१,२०० |
| ५१५ | ० | −१२ | −१,२०० |
| ५२० | ० | −१२ | −१,२०० |
| ५२६ | ६ | −६ | −६०० |
| ५३२ | १२ | ० | ० |
| ५५० | ३० | +१८ | +१,८०० |

बाईंची जागा चौथ्या ओळीत आहे. शेअर वर गेला हे खरं, पण ५०० ते ५२० हे पहिले वीस रुपये त्यांच्या हक्काच्या बाहेरचे होते. ते त्यांनी घेतलेच नव्हते. कॉल ५२० च्या पुढच्या वाढीवर होता आणि त्यातले त्यांच्या वाट्याला सहा आले. त्या सहा रुपयांसाठी त्यांनी बारा दिले होते. त्यांचा अंदाज "शेअर वर जाईल" असा होता. कॉल घेताना मात्र त्यांनी "शेअर तीस दिवसांत ५३२ च्या पुढे जाईल" या गोष्टीवर पैसे लावले होते. दोन्हींत ६.४ टक्क्यांच्या वाढीचं अंतर आहे. पहिला अंदाज खरा ठरला, दुसरा नाही.

आता ५२० आणि ५३२ यांच्यामधला पट्टा. संपूर्ण आलेखातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी जागा ही, कारण इथे माणसं हातातले पैसे सोडून देतात. शेअर ५२६ वर आहे, ब्रेक-ईव्हन ५३२ आहे. "ब्रेक-ईव्हनच्या खाली आहे, म्हणजे तोटाच आहे, मग कॉल वापरून काय उपयोग, जाऊ दे" असा विचार अगदी सहज येतो. पण रेघ नीट पाहा. ती ५३२ ला वळत नाही, ५२० ला वळते. हक्क वापरला किंवा त्या किमतीला विकला तर शेअरमागे सहा परत येतात आणि तोटा सहाचा होतो. हक्क वाया जाऊ दिला तर तोटा पूर्ण बाराचा. एका लॉटवर सहाशे की बाराशे, असा हा निर्णय आहे.

म्हणजे आलेखावर दोन खुणा आहेत आणि दोघींचं काम वेगळं आहे. हक्क वापरायचा की नाही हे स्ट्राइक ठरवतो. व्यवहार एकूण फायद्यात गेला की नाही हे ब्रेक-ईव्हन सांगतो. एक्सपायरीच्या दिवशी प्रीमियम हा गेलेला पैसा आहे, हक्क वापरला तरी आणि नाही वापरला तरी. निर्णयाच्या दोन्ही पर्यायांत तो सारखाच वजा होतो, म्हणून निर्णयात त्याला जागा नाही. ब्रेक-ईव्हन ही व्यवहारात शिरण्यापूर्वी पाहायची गोष्ट आहे. एक्सपायरीच्या दिवशी तिच्याकडे पाहून काही ठरवायला गेलं की चूक होते. प्रत्यक्षात ब्रोकरेज आणि इतर खर्च धरले की दोन्ही खुणा थोड्या उजवीकडे सरकतात: खरेदीचा खर्च ब्रेक-ईव्हनला सरकवतो, आणि हक्क वापरायचा काही खर्च असेल तर भाव स्ट्राइकच्या निदान तेवढा वर असायला हवा. शेअर ५२०.२० वर असताना चाळीस पैसे खर्च करून हक्क वापरण्यात राम नाही.

तोटा मर्यादित का, याचं उत्तर सपाट रेघेत आहे. शेअर ५१५ वर गेला, ४८० वर गेला, किंवा कंपनीच बुडून शेअर शून्यावर आला, तरी बाईंचा तोटा शेअरमागे १२ च राहतो. याला कारण विक्रेत्याचा चांगुलपणा नाही की बाजाराची सवलत नाही. कारण कराराच्या रचनेत आहे. खरेदीदाराची देण्याची जी काही बाजू होती ती प्रीमियम देताच संपली. त्यानंतर तिच्याकडे फक्त हक्क उरतो, आणि हक्काची किंमत शून्याखाली जाऊ शकत नाही, कारण तोट्याचा असेल तेव्हा तो वापरायची सक्ती कुणी करू शकत नाही. सूत्रातला `max` हीच मोकळीक गणितात मांडतो: `S − K` उणे झालं तर त्याच्या जागी शून्य घे.

तुलनेसाठी ५०० ला शेअर विकत घेणाऱ्याची रेघ त्याच कागदावर काढा. ती ५०० वर शून्याला छेदणारी, दोन्ही बाजूंना सरळ जाणारी तिरपी रेघ आहे. शेअर ४४० वर गेला तर त्याचे साठ गेले, कॉलवालीचे बारा. फ्युचर, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे शेअर घेण्याचा बंधनकारक करार, घेणाऱ्याची रेघही जवळपास अशीच तिरपी असते. त्यात भर म्हणजे भाव पडत गेला की त्याला मार्जिन, म्हणजे तोट्यासाठी तारण म्हणून ठेवायची रक्कम, भरत राहावं लागतं, आणि भरता आलं नाही तर त्याची पोझिशन मधेच कापली जाते, भाव नंतर वर आला तरी उपयोग नसतो. कॉल पूर्ण प्रीमियम भरून घेतला असेल तर खरेदीदाराला मार्जिनसाठी फोन येत नाही. शेअर दहाव्या दिवशी ४७० ला जाऊन पंचविसाव्या दिवशी ५५० ला आला, तर कॉलवाली त्या ५५० पर्यंत व्यवहारात टिकलेली असते. मर्यादित तोट्याचा हा फायदा एक्सपायरीच्या आलेखात दिसत नाही, कारण वाटेत काय झालं ते त्यात नोंदवलेलंच नसतं.

त्या वाटेतल्या पडझडीचा धोका गेला कुठे? विक्रेत्याने मार्जिन ठेवलेलं असतं, ते यासाठीच. त्याची रेघ म्हणजे बाईंची रेघ शून्याच्या रेषेभोवती उलटी केलेली: डावीकडे अधिक बारावर सपाट, ५२० वर कोपरा, ५३२ ला शून्य, आणि पुढे खाली उतरत जाणारी, जिला तळ नाही. बाईंना मिळालेली मर्यादा फुकट नाही. बारा रुपये त्याचीच किंमत आहे.

पण "मर्यादित" म्हणजे "थोडा" असं समजू नका, ही गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. तोट्याला मर्यादा आहे ती रुपयांत. घातलेल्या पैशाच्या प्रमाणात पाहिलं तर ती मर्यादा शंभर टक्के आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायला शेअर पडावाही लागत नाही. समजा बाईंकडे ५०,००० रुपये होते आणि त्यांनी विचार केला की शंभर शेअर घेण्याऐवजी सगळ्याचे कॉल घेऊ. १,२०० च्या हिशेबाने ४१ लॉट येतात, खर्च ४९,२००. एक्सपायरीला शेअर ५१५ वर आला. शंभर शेअर घेणाऱ्याला १,५०० रुपयांचा नफा. ४१ लॉट घेणारीचे ४९,२०० पूर्ण गेले, शेअर वर जाऊनसुद्धा. दोघांनी एकाच शेअरवर, एकाच दिशेने, जवळपास सारखेच पैसे लावले होते. आलेखावरचा सपाट भाग दिलासा देतो तो तेव्हाच, जेव्हा त्याची खोली, म्हणजे प्रीमियमची एकूण रक्कम, आधीच गेली असं धरून चालता येतं. शंभर शेअरऐवजी शंभर शेअरचा एक कॉल घेतला तर जोखीम खरोखर कमी होते. ५०,००० च्या शेअरऐवजी ५०,००० चे कॉल घेतले तर ती वाढते, आणि वाईट भाग असा की आलेखाचा आकार दोन्ही वेळी अगदी सारखाच दिसतो.

आता बाईंच्या महिन्यातल्या एका दिवसाकडे वळू. बाराव्या दिवशी, एक्सपायरीला अठरा दिवस उरलेले असताना, शेअर ५२६ वर होता. शेवटच्या दिवशी जिथे बंद झाला, बरोबर त्याच भावाला. त्या दिवशी त्यांच्या कॉलचा भाव बाजारात १९.५० च्या आसपास होता. त्यांनी तो तेव्हा विकला असता तर शेअरमागे साडेसात रुपये, लॉटवर ७५० रुपये नफा झाला असता. भाव तोच ५२६, ब्रेक-ईव्हन तेच ५३२, शेअर ब्रेक-ईव्हनच्या खालीच, आणि तरी नफा. शेवटच्या दिवशी त्याच ५२६ ला सहाशेचा तोटा.

इथे आलेख खोटा ठरलेला नाही. तो एक्सपायरीचा होता, बाराव्या दिवसाचा नव्हताच. एक्सपायरीपूर्वी कॉलच्या किमतीत दोन भाग असतात. एक, आत्ता हक्क वापरला तर किती मिळतील ते: ५२६ उणे ५२०, म्हणजे ६. ही इंट्रिन्सिक व्हॅल्यू. उरलेले साडेतेरा ही टाइम व्हॅल्यू, म्हणजे पुढच्या अठरा दिवसांत शेअर आणखी वर जाण्याची शक्यता आहे आणि खाली गेला तर नुकसान मर्यादित आहे, या दुहेरी सोयीसाठी कुणीतरी मोजायला तयार असलेले पैसे. पहिल्या दिवशी शेअर ५०० वर असताना अख्खे बारा रुपये टाइम व्हॅल्यूच होते. बारा दिवस सरूनही टाइम व्हॅल्यू बारावरून साडेतेरा झाली हे विचित्र वाटेल. कारण असं की शेअर स्ट्राइकच्या जवळ असतो तेव्हा पुढे काय होईल याची अनिश्चितता कॉलच्या दृष्टीने सर्वांत जास्त असते, आणि टाइम व्हॅल्यू तिथेच सर्वांत जाड असते. शेअर ५०० वरून ५२६ ला आला, म्हणजे स्ट्राइकच्या बराच जवळ सरकला.

आलेखावर हे दाखवायचं तर कोपऱ्याच्या रेघेच्या वरून एक वाकडी, गुळगुळीत रेघ काढा. डावीकडे ती सपाट रेघेला जवळजवळ टेकते, ५२० च्या आसपास सर्वांत उंच सुटते, आणि उजवीकडे तिरप्या रेघेला हळूहळू समांतर होत जाते. ही एक्सपायरीपूर्वीच्या एखाद्या दिवसाची रेघ. दिवस जातात तशी ती खाली बसत जाते आणि शेवटच्या दिवशी कोपऱ्याच्या रेघेवर पूर्ण विसावते. बाराव्या दिवशी वाकडी रेघ ५२६ ला शून्याच्या वर साडेसातावर होती. तिसाव्या दिवशी ती उणे सहावर येऊन बसली. मधले साडेतेरा रुपये शेअरच्या पडण्याने गेले नाहीत, शेअर तर त्याच जागी होता. ते दिवसांबरोबर झिजले.

बाराव्या दिवशी विकलं नाही ही बाईंची चूक होती का? मी तसं म्हणणार नाही. शेअर ५५० ला गेला असता तर थांबणं योग्य ठरलं असतं. पण त्यांनी थांबण्याचा निर्णय "अजून ब्रेक-ईव्हन आलेलं नाही, आत्ता विकलं तर तोटा होईल" असं मानून घेतला असेल, तर तो चुकीच्या माहितीवर घेतला. त्या दिवशीचा नफा-तोटा पाहायचा असेल तर शेअरचा भाव ब्रेक-ईव्हनशी ताडून उपयोग नाही. कॉलचा आजचा भाव दिलेल्या प्रीमियमशी ताडावा लागतो. साडेएकोणीस विरुद्ध बारा, बस. दोन आकड्यांची ही तुलना स्क्रीनवर समोर असते आणि तरी नजर शेअरच्या भावावरच खिळते.

स्ट्राइक निवडीतही हाच आलेख कामाला येतो. बाईंनी कॉल घेतला त्याच दिवशी ५०० स्ट्राइकचा कॉल साधारण २० रुपयांना मिळत होता असं धरू. त्याची रेघ उणे २० वर सपाट, ५०० वर कोपरा, ५२० ला शून्य. ती बाईंच्या रेघेवर ठेवा. दोन्ही एकमेकींना ५०८ वर छेदतात, तिथे दोघींचा तोटा बाराच आहे. ५०८ च्या खाली बाईंचा ५२० चा कॉल बरा, त्यात जास्तीत जास्त बारा जातात, वीस नाही. ५०८ च्या वर पाचशेचा कॉल पुढे असतो, आणि ५२० पासून पुढे कायम बारा रुपयांनी पुढे. पण ५२६ वर काय झालं असतं पाहा: २६ उणे २०, सहा रुपये नफा. ५२० च्या कॉलला सहा रुपये तोटा, ५०० च्या कॉलला सहा रुपये नफा, त्याच शेअरच्या त्याच भावाला. बाईंनी स्वस्त म्हणून बाराचा कॉल घेतला होता. मर्यादा उथळ झाली, पण ब्रेक-ईव्हन ५२० वरून ५३२ वर, बारा रुपये लांब गेलं. ज्याला वाढ थोडी आणि बरीचशी निश्चित वाटते त्याला दूरचा स्ट्राइक जुळत नाही. मोठी उसळी येईल किंवा काहीच होणार नाही असं ज्याला वाटतं, त्याला तो जुळतो.

आता शेवटचा मुद्दा, कारण मर्यादित तोट्याची हमी इथे हातातून निसटू शकते. कॉलची पूर्तता दोन प्रकारे होते. काही करारांत एक्सपायरीला फक्त फरकाची रक्कम खात्यात येते, इथे शेअरमागे सहा रुपये. तिथे गोष्ट संपते. दुसऱ्या प्रकारात खरोखर शेअर हातात येतात: ५२० प्रमाणे १०० शेअरचे ५२,००० रुपये भरायचे आणि शेअर घ्यायचे. बऱ्याच बाजारांत इन द मनी असलेला, म्हणजे शेअरचा भाव स्ट्राइकच्या वर असलेला, कॉल एक्सपायरीला आपोआप वापरला जातो, खरेदीदाराने काही कळवलं नाही तरी. म्हणजे ज्या बाईंनी १,२०० रुपये घालवायची तयारी ठेवून व्यवहार केला, त्यांच्याकडे एक्सपायरीनंतर ५२,००० ची मागणी येऊ शकते. आणि शेअर खात्यात आल्यावर त्यांची रेघ सपाट भाग असलेली राहत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर ५०० ला उघडला तर ५२० ला घेतलेल्या प्रत्येक शेअरवर वीस रुपये गेले, प्रीमियमचे बारा वेगळे. कॉलचा पेऑफ आलेख एक्सपायरीच्या क्षणाला संपतो, त्यानंतर उरते ती शेअर घेणाऱ्याची सरळ तिरपी रेघ.

ज्यांना शेअर नको आहेत आणि जे ५२,००० भरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी वाट एकच: एक्सपायरीपूर्वी, बाजार चालू असताना, कॉल विकून मोकळं होणं. शेवटच्या दिवशी टाइम व्हॅल्यू जवळजवळ उरलेली नसते, त्यामुळे सहा रुपयांच्या आसपासच भाव मिळतो, कधी ग्राहक कमी असले तर पाच-साडेपाच. बाईंनी शेवटच्या तासात साडेपाचला विकला असता तर तोटा सहाऐवजी साडेसहाचा, लॉटवर ६५० रुपयांचा झाला असता. त्या जादा पन्नास रुपयांत ५२,००० उभे करण्याची जबाबदारी आणि दुसऱ्या दिवशीच्या भावाची जोखीम दोन्ही टळतात. कॉल घेण्याआधी म्हणूनच करारात पूर्ततेची ओळ शोधावी, आणि शेअर हातात येणारे असतील तर कॉल विकण्याचा दिवस कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावा.